कॅशलेसच्या फॉर्मात कमी लिहा म्हणे!

"कॅशलेसच्या फॉर्मात फक्त आजाराचं नाव, ऑपरेशन आणि खर्च लिहायचा. जास्त लिहिलं की कंपनी खुसपट काढते. शुगर-बीपी तर अजिबात लिहू नका. एकदा अप्रूव्हल आलं की बिलाची चिंता मिटली."

मी बडोद्यात हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसतो, आणि हा मेसेज वाचून आलेले काका-काकू रोज भेटतात.

कमी लिहिल्यानेच क्वेरी येते हो. समजा दांडिया बाजारच्या एका काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे आणि पॉलिसीला तीन वर्षं झालीत. फॉर्मात नुसतं 'खडे, दुर्बिणीने ऑपरेशन' लिहिलं तर कंपनीचा डॉक्टर विचारणारच की कधीपासून दुखतंय, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये खड्यांच्या ऑपरेशनला असणारा दोन वर्षांचा वेटिंग पिरियड संपला असला, तरी दुखणं पॉलिसीच्या आधीपासूनचं तर नाही ना हे त्याला बघायचं असतं. उत्तर सर्जनच्या केस पेपरवर आधीच असतं: दोन महिने जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं, कावीळ नाही, सोनोग्राफीत अनेक खडे, मोठा 14 एमएमचा, पित्ताशयाची भिंत जाड. फॉर्मात हेच त्याच क्रमाने उतरवायचं, तक्रार आणि किती दिवसांपासून, मग तपासणी, रिपोर्ट, निदान, आणि मग ऑपरेशन का.

फॉर्मात आजाराचा कोड टाकतानाही केस पेपर बघायचा. सर्जनने सूज असल्याचं निदान लिहिलंय आणि डेस्कवाल्याने घाईत K80.2 टाकला, म्हणजे सूज नसलेले खडे, तर फॉर्म एक बोलतो आणि नोट दुसरंच. जुनी सूज असेल तर K80.1. आणि जुन्या कागदावर 'दोन वर्षं ॲसिडिटी' असेल तर ते याच दुखण्याचं होतं की वेगळं हे सर्जननेच सही-तारखेसह लिहायचं, आपण आकडे जुळवत बसायचं नाही.

शुगरचं तर विचारूच नका. फॉर्मात तिचा वेगळा कॉलम आहे, कधीपासून ते विचारलेलं असतं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरच्या फिटनेसच्या कागदावर शुगरची गोळी मेटफॉर्मिन लिहिलेलीच असते, मग लपवून लपणार कुठे? पॉलिसी घेताना सांगितलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. तेव्हाच सांगितली नसेल तर प्रश्न खरा आहे, पण तो या फॉर्मातला कॉलम रिकामा सोडून सुटत नाही.

राहिलं अप्रूव्हल. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने रिक्वेस्ट मिळाल्यापासून तासाभरात पहिला निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत फायनल द्यायचं, म्हणजे पहिलं अप्रूव्हल शेवटचं नसतंच. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून करावं लागलं तर सर्जनची नोट लावून वाढीव रक्कम मागायची. रूम लिमिटपेक्षा महागडी घेतली असेल तर बऱ्याच पॉलिसींत नुसतं भाडंच नाही, बाकीच्या बिलातले काही खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. आणि कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम मेला असं नाही, ओरिजिनल बिलं आणि रिपोर्ट सांभाळून रिइम्बर्समेंटला टाकता येतं.