घरात विजेचे मीटर किती, एवढं तरी विचारायचं होतं!

साडेअकरा हजार रुपये आणि दीड महिना वाया गेला, आणि डोकं अजून शांत झालेलं नाही. माझा कन्सोल आतल्या बेडरूममध्ये आहे आणि राउटर बाहेरच्या दाराशी. पुण्याला असलेल्या भावाबरोबर रात्री नऊनंतर फुटबॉलचा ऑनलाइन सामना खेळायचा, एवढीच माझी मागणी होती. घरात 200 एमबीपीएसचा प्लॅन आहे, त्याचे पैसे दर महिन्याला वेळेवर भरते. बेडरूममध्ये कन्सोलवर स्पीड टेस्ट केली की 14 दिसायचे, आणि ऐन सामन्यात खेळाडू जागच्या जागी थिजायचा.

सुरुवात केली फायबर बसवायला आलेल्या माणसाने. वायर दारातून आत आली, तशी त्याने शूरॅकच्या वर डबा ठोकला. "आत टीव्हीपर्यंत नेता का?" विचारलं, तर "मॅडम, पूर्ण घरात रेंज येते" म्हणाला आणि सही घेऊन गेला. आमचं मुलुंडचं घर म्हणजे जोडून घेतलेले दोन फ्लॅट. मधली नऊ इंची भिंत फोडून एक दार काढलंय, बाकीची भिंत तशीच आहे. तिला लागून बाथरूम, म्हणजे टाइल्स आणि पाण्याच्या पाइपा. तिथून वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल कसा जाणार? आणि 2.4 गिगाहर्ट्झवर आख्ख्या मजल्याचे राउटर एकमेकांच्या उरावर बसलेले. त्या माणसाने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

मग लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टरची जोडी काढली. एक राउटरजवळच्या प्लगमध्ये, दुसरा कन्सोलजवळ, घरातली विजेची वायरच नेटची वायर होते. खोक्यावर मोठ्ठा 1000 चा आकडा. तो आकडा म्हणजे दोन अ‍ॅडॅप्टरमधला, आदर्श परिस्थितीतला, दोन्ही दिशांचा मिळून कच्चा वेग असतो. हातात त्याचा लहानसा हिस्सा येतो, पण हे खोक्यावर कुठे ठळक लिहितात? वर सल्ला दिला, "महाग वस्तू आहे, स्पाइक गार्डमध्येच लावा." मी मूर्खासारखी लावली नाही, विश्वासाने लावली. स्पाइक गार्डमधला फिल्टर विजेवर येणारी वरच्या फ्रिक्वेन्सीची खळबळ दाबतो, आणि पॉवरलाइनचा सिग्नल नेमका तीच वरची फ्रिक्वेन्सी वापरतो. म्हणजे वस्तू विकणाऱ्यानेच तिचा गळा दाबायचा सल्ला दिला! थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावल्यावर लाल दिवा एकदाचा थोडा स्थिर झाला, पण वेग सात-आठच्या वर जाईना. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की तेवढाही तुटायचा.

आठवडाभर मला वाटत होतं वस्तूच खराब आहे. शेवटी दोन्ही अ‍ॅडॅप्टर हॉलमध्येच दोन वेगवेगळ्या प्लगला लावून बघितले, आणि 140 मिळाले! वस्तू ठणठणीत होती. मग वायरमनला बोलावलं. त्याने राउटरकडच्या बाजूचा मेन स्विच पाडला. हॉल काळोखात गेला आणि बेडरूममधला पंखा फिरतच राहिला. दोन फ्लॅट, दोन मीटर. माझ्या कन्सोलचा सिग्नल पाचव्या मजल्यावरून खाली मीटर रूममध्ये उतरायचा, एका मीटरमधून बाहेर पडून दुसऱ्या मीटरमधून पुन्हा पाच मजले चढून यायचा. उरलाय काय त्यात? एकाच मीटरवर तीन फेजचं कनेक्शन असेल आणि दोन खोल्या वेगळ्या फेजवर असतील, तरी असाच घोळ होऊ शकतो. मुंबईत जोडफ्लॅट काय कमी आहेत? गिऱ्हाइकाला "घरात मीटर किती?" एवढं विचारायला किती वेळ लागतो!

दुकानदार म्हणाला, खोकं उघडलंय, परत घेणार नाही. वर मेश घ्यायला लावलं, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे डबे. दोन नगांचा सेट. दुसरा नग कुठे ठेवायचा विचारलं, तर "कन्सोलच्या शेजारी ठेवा आणि लॅन केबल जोडा." ठेवला. कन्सोलने केबल जोडलेली दाखवली, सगळं हिरवं, आणि वेग 22. अहो, कन्सोलपासून नगापर्यंत एक मीटर केबल आहे, पण नगाला राउटरकडून मिळतंय ते त्याच भिंतीतून, त्याच बाथरूममधून, हवेतूनच ना? कन्सोलला जे ऐकू येत नव्हतं ते त्याच कोपऱ्यात बसलेल्या नगाला तरी कितीसं ऐकू येणार?

मग नग मधल्या पॅसेजमध्ये, दाराच्या तोंडाशी आणला. तिथे लॅपटॉप केबलने जोडून बघितला तर 160. पण कन्सोल आता नगाला केबलने जोडता येईना, तो वायफायवर आला. हा नग ड्युअल बँडचा, म्हणजे पाच गिगाहर्ट्झचा रेडिओ एकच. त्याच रेडिओवर राउटरकडून ऐकायचं आणि त्याच रेडिओवर कन्सोलला सांगायचं, आळीपाळीने. कन्सोलवर पोचले 70. डाउनलोडला हे चालतं, खेळायला नाही. संध्याकाळी शेजारपाजारचे राउटर जागे झाले की पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, 15 मिलिसेकंदांवरून मध्येच 180 वर उडी मारायचा, आणि खेळ त्या उडीतच मरतो. म्हणजे जवळ ठेवला तर नग बहिरा, लांब ठेवला तर वेग अर्धा. हे पॅसेजमध्ये उभं राहून मीच शोधून काढायचं का?

आणि हे कमी म्हणून कन्सोलवर `NAT Type 3` यायला लागलं, म्हणजे समोरच्या खेळाडूशी थेट जोडणी अडतेय. भावाचा आवाजच ऐकू येईना. फायबरचा डबा स्वतः राउटर, त्याच्यामागे मेशही राउटर, दोघेही पत्ते वाटत बसलेले. मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकल्यावर, म्हणजे पत्ते न वाटता नुसतं वायफाय द्यायला लावल्यावर, Type 2 आलं आणि जोडणी मोकळी झाली. पाच मिनिटांचं काम, पण आमचे चार रविवार त्यात गेले.

शेवटी मीच वायरमनला सांगितलं, सरळ केबल टाक. बाबा म्हणत होते भिंतीला भोक नको. भोक पाडावंच लागलं नाही! मधल्या दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टी, तिच्यातून अठरा मीटर कॅट सिक्स, आणि पुढे बेडरूमच्या दाराखालून. तांब्याची केबल हट्टाने मागितली, कारण बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही त्याच नावाने गळ्यात मारतात. मजुरीसकट सगळं दोन हजारांच्या आत. कन्सोलवर 190, पिंग 9, रात्री दहालाही 9. त्याच केबलच्या टोकाला छोटा स्विच लावून मेशचा दुसरा नगही जोडला, तर आईच्या फोनला बेडरूममध्ये पूर्ण रेंज. त्या नगाला पहिल्या दिवसापासून मागून केबल हवी होती. आणि ही केबल फायबर बसवणारा त्याच दिवशी टाकू शकला असता.

काल दुकानदाराला फोन केला. अ‍ॅडॅप्टर निम्म्या किमतीत तरी घ्या म्हटलं. तर तो मलाच म्हणतो, "मॅडम, घरात दोन मीटर आहेत हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."