इकॉनॉमीतलं ते अक्षर बघितल्याशिवाय पैसे भरू नका

विमानाच्या इकॉनॉमी तिकिटाबद्दल असा सल्ला वाचायला मिळतो: "इकॉनॉमी म्हणजे इकॉनॉमी. तिकिटावरचं ते K, M, Y एअरलाइनच्या आतल्या कामाचं असतं. सगळ्यात स्वस्त दिसेल ते घ्या, सीट तीच, रिफंड तोच, माइल्सही तेवढेच."

सीटचं बरोबर आहे, शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात. पण बाकीचं वाचून लोक पैसे घालवतायत म्हणून लिहितोय.

एअरलाइन एकाच केबिनच्या सीटा वेगवेगळ्या भावाच्या कप्प्यांत विकते, प्रत्येक कप्प्याला एक अक्षर असतं आणि एजंटच्या स्क्रीनवर ते Y9 M4 K0 असं दिसतं, म्हणजे Y मध्ये नऊ किंवा जास्त, M मध्ये चार आणि K संपलं. आता तुमचं तिकीट K चं आहे आणि तारीख बदलायचीय, पण नव्या तारखेला K शून्य. मग M मध्ये जावं लागतं. K चं भाडं 100 धरलं आणि M चं 140, तर वरचे 40 भरायचे आणि चेंज फी असेल तर ती वेगळी. "फ्री चेंज" लिहिलेलं असलं तरी माफ होते ती फक्त फी, हे 40 द्यावेच लागतात, आणि नेमकं इथेच लोकांची भांडणं होतात.

रिफंडला मात्र नुसतं अक्षर बघून चालत नाही. खरे नियम फेअर बेसिसला जोडलेले असतात, तो तिकिटावर अक्षरं-आकड्यांचा लांब कोड असतो ना, तो. एकाच K मध्ये दोन फेअर बेसिस असू शकतात, एक रिफंड मिळणारा, एक न मिळणारा. पैसे भरायच्या आधी फेअर रूल्स उघडा आणि विमान सुटण्याआधी कॅन्सल केलं तर काय आणि न कळवता गेलाच नाहीत, म्हणजे नो-शो झालं तर काय, हे दोन्ही वेगवेगळं वाचा. आणि नॉन-रिफंडेबल असलं तरी न वापरलेले विमानतळाचे टॅक्स बऱ्याचदा परत मिळतात, पण ते मागावे लागतात. एअरलाइनने स्वतः लावलेला सरचार्ज बहुतेक वेळा जातोच.

माइल्समध्ये, म्हणजे प्रवासावर मिळणाऱ्या पॉइंट्समध्ये, तर फरक फारच मोठा. समजा प्रवास 4000 मैलांचा आहे आणि तुम्ही माइल्स पार्टनर एअरलाइनच्या प्रोग्रॅममध्ये जमा करताय. त्यांच्या तक्त्यात Y ला 100 टक्के असेल तर 4000, K ला 25 असेल तर 1000, आणि तळाच्या एखाद्या अक्षराला चक्क शून्य. विमान तेच, सीट तीच. काही प्रोग्रॅम स्वतःच्या तिकिटांवर भरलेल्या रकमेवरून माइल्स देतात, तिथे अक्षराचा थेट संबंध नसतो, पण पार्टनरच्या तिकिटाला बऱ्याचदा अक्षराचाच तक्ता लागतो. K म्हणजे सगळीकडे सारखं असंही नाही, प्रत्येक एअरलाइन आपापली अक्षरं ठरवते, त्यामुळे ज्या प्रोग्रॅममध्ये जमा करणार त्याच्या पानावर जाऊन ज्या एअरलाइनने उडणार तिचा तक्ता उघडा, आणि जाण्या-येण्याची अक्षरं वेगळी असतील तर दोन्ही बघा.