भरावाचं गणित: जास्तीचे 90 घनमीटर येतात कुठून?

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमच्या लेखातली पद्धतच चुकीची आहे. दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली की भराव जास्तच दिसतो. तुमच्याच आकड्यांना प्रिझमॉइडल सूत्र लावलं तर 1410 ऐवजी 1320 घनमीटर येतात. मग हे शिकवायचंच कशाला?"

तुमचं 1320 हे उत्तर बरोबर आहे, आणि हा फरक मी मूळ लेखातच दाखवायला हवा होता. पण तो कुठून येतो हे पाहिलं, तर पद्धत टाकून द्यायची गरज उरत नाही.

लेखातल्या रस्त्याच्या भरावाचे आकडे असे होते: माथ्याची रुंदी 12 मीटर, बाजूचा उतार 2:1 (आडवे 2, उभा 1), दोन सेक्शनमधलं, म्हणजे भरावाच्या दोन आडव्या छेदांमधलं अंतर 30 मीटर, भरावाची उंची एका टोकाला 1 मीटर आणि दुसऱ्या टोकाला 4 मीटर. क्षेत्रफळं 14 आणि 80 चौरस मीटर. त्यांची सरासरी 47, गुणिले 30 म्हणजे 1410. प्रिझमॉइडल सूत्र मात्र टोकांबरोबर बरोबर मधल्या सेक्शनचं क्षेत्रफळही चौपट वजनाने धरतं.

आता भराव मनातल्या मनात उभा कापा. माथ्याखालचा 12 मीटर रुंदीचा पट्टा वेगळा काढला, तर त्याची फक्त उंची बदलते, रुंदी तीच राहते. त्यामुळे त्याचे 900 घनमीटर दोन्ही सूत्रांनी सारखेच येतात. फरक पडतो तो दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी उतारांत. तिथे उंचीबरोबर पायाही पसरतो, म्हणजे क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाने वाढतं. सरासरीने उतारांचे 510 घनमीटर येतात, खरे आहेत 420. तुमचे 90 ते हेच. समतल सेक्शनसाठी ही दुरुस्ती थेट काढता येते; L म्हणजे अंतर, s म्हणजे उतारातला आडवा आकडा, h1 आणि h2 म्हणजे दोन टोकांच्या उंच्या:

```
C = L × s × (h1 − h2)² / 6
  = 30 × 2 × 3² / 6 = 90
```

सूत्रात उंचीतल्या फरकाचा वर्ग आहे, सगळी गंमत तिथेच आहे. उंच्या 3.5 आणि 4 मीटर असत्या, तर दुरुस्ती अवघी 2.5 घनमीटर आली असती. आणि आपल्याच उदाहरणात 15 मीटरवर आणखी एक सेक्शन घेतला (उंची 2.5, क्षेत्रफळ 42.5), तर साध्या सरासरीनेच 423.75 + 918.75 = 1342.5 येतात. चूक 90 वरून 22.5 वर, म्हणजे चौथाईवर येते.

पण तुमच्या 1320 मागे एक गृहीतक आहे, आणि माझा खरा आक्षेप त्यावर आहे. मधलं क्षेत्रफळ तुम्ही दोन उंच्यांच्या सरासरीवरून काढलंत. म्हणजे दोन सेक्शनच्या मध्ये जमीन सरळ रेषेत उतरते असं धरलंत. समजा 15 मीटरवर जमीन खोलगट आहे आणि तिथे भरावाची उंची 2.5 नव्हे, 3.5 मीटर आहे. मग मधलं क्षेत्रफळ 66.5 होतं. दोन्ही तुकडे वेगवेगळे सरासरीने काढले तर 603.75 + 1098.75 = 1702.5 येतात, प्रत्येक तुकड्याची दुरुस्ती वजा केली की 1670. न मोजलेल्या मध्यावर लावलेलं प्रिझमॉइडल सूत्र इथे 350 घनमीटरने कमी पडतं, साधी सरासरी 260 ने. अचूक सूत्राने उलट जास्त नुकसान केलं! म्हणून सेक्शन कुठे घ्यायचे हे ठरावीक अंतरावर सोडू नका. जमिनीचा उतार जिथे बदलतो, ओघळ किंवा बांध जिथे आडवा येतो, तिथे जादा सेक्शन घ्या. लेव्हल घेताना लांबीच्या दिशेने जमिनीकडे पाहिलं की अशा जागा दिसतातच. नंतर टेबलावर बसून त्या सापडत नाहीत.

करारात मोजणी टोकांच्या सरासरीने करायची असं लिहिलेलं असेल, तर बिलात दुरुस्ती परस्पर वजा करता येत नाही. तेव्हाही जादा सेक्शन हाच सरळ उपाय आहे.

तुमच्या टीकेला पुष्टी देणारी एक जागा मात्र मीच दाखवतो: भराव संपून खोदाई सुरू होते ती. एका सेक्शनवर 1.2 मीटर भराव, 30 मीटर पुढच्या सेक्शनवर 0.8 मीटर खोदाई. बरेच जण पुढच्या सेक्शनचं भरावाचं क्षेत्रफळ शून्य मांडतात आणि अंतर पूर्ण 30 मीटर धरतात: (17.28 + 0) / 2 × 30 = 259.2. पण जमीन सरळ उतरत असेल तर भराव 30 × 1.2 / (1.2 + 0.8) = 18 मीटरवरच संपतो. तेवढंच अंतर धरलं की 155.52 येतात, आणि दुरुस्तीनंतर 146.88. म्हणजे इथे दुरुस्ती 9 घनमीटरचीही नाही, चुकीच्या लांबीने मात्र 100 हून जास्त घनमीटर वाढवले. उरलेले 12 मीटर खोदाईच्या रकान्यात जातात, तेही वेगळे काढून. आणि जमीन आडवी कललेली असेल तर रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या कडेला भराव वेगवेगळ्या ठिकाणी संपतो. तेव्हा या दोन्ही जागांवर सेक्शन घ्यावा लागतो.