एमआयटी लायसन्स नक्की कशाला लागू होतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

आधी मी लिहिलं होतं की इनसाइटफेसच्या inswapper मॉडेलने केलेला फेस स्वॅप पैशाच्या कामात वापरता येत नाही. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "रेपोत सरळ एमआयटी लायसन्स लिहिलंय. शिवाय मी मॉडेल कुणाला विकत नाहीये, त्यातून निघालेला फेस स्वॅपचा व्हिडिओ फक्त क्लायंटला देतोय. तुम्ही उगाच लोकांना घाबरवताय."

घाबरवायचा हेतू अजिबात नाही, पण इनसाइटफेस या चेहरा ओळखायच्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या रेपोतलं रीडमी शेवटपर्यंत वाचा एकदा. तिथे लायसन्सच्या भागात दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात. कोड एमआयटी, व्यावसायिक वापरही चालेल. आणि लगेच पुढे, ट्रेनिंगचा डेटा आणि त्यावर ट्रेन केलेली मॉडेलं फक्त बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी. म्हणजे तुम्ही बघितलेली LICENSE फाइल पायथनच्या कोडला लागू आहे, inswapper_128.onnx या मॉडेलच्या फाइलला नाही, आणि चेहरा तर ती फाइल बदलते, कोड नुसता ती चालवतो.

"विकत नाहीये" हा मुद्दा जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सच्या सवयीतून येतो असं मला वाटतं. जीपीएल सॉफ्टवेअर वापरून काढलेलं चित्र साधारणपणे तुमचंच असतं, कारण जीपीएलच्या अटी मुख्यतः सॉफ्टवेअर पुढे वाटताना लागतात, नुसतं चालवायला मोकळीक आहे. इथे अट वाटण्यावर नाही, वापरावरच आहे. पैसे घेऊन कुणाच्या जाहिरातीसाठी मॉडेल चालवलं की तो वापर संशोधन उरत नाही, मग फाइल तुमच्या मशीनबाहेर गेली नाही तरी काय फरक पडतो?

आता माझंच सांगतो. एका कामात मी inswapper टाळला, दुसरा स्वॅपर घेतला ज्याच्या कोडवर अपाची २.० होतं, आणि निवांत झालो. डिलिव्हरीच्या आधी सहज मशीनवर शोधलं:

```
find ~ -name "*.onnx" -o -name "*.pth"
```

तर ~/.insightface/models/buffalo_l मध्ये w600k_r50.onnx बसलेली! मी ती कधी डाउनलोड केली नव्हती, FaceAnalysis(name='buffalo_l') ही ओळ पहिल्यांदा चालली तेव्हा आपोआप आली. चेहरा शोधायला आणि ओळखीचा ५१२ आकड्यांचा व्हेक्टर काढायला हेच पॅक वापरलं जात होतं आणि त्याला तीच बिगर-व्यावसायिक अट आहे. म्हणजे स्वॅपर बदलून काही साधलं नव्हतं. त्यात शेवटी चेहरा शार्प करायला कोडफॉर्मर लावलेला, त्याचं एस-लॅब लायसन्सही बिगर-व्यावसायिकच. पूर्ण शॉट परत करावा लागला, चार दिवस गेले.

म्हणून मी म्हणतो की रेपोचं लायसन्स बघू नका, प्रत्येक वेट फाइलचं, म्हणजे ट्रेन झालेल्या मॉडेलच्या फाइलचं, बघा. डिटेक्टर, ओळखीचं मॉडेल, स्वॅपर, चेहरा शार्प करणारा रिस्टोरर, प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा, फाइल मूळ कुणी काढली, वेट्सवर काय अट आहे, कुठल्या डेटावर ट्रेन झाली. "मूळ कुणी" यावर भर देतोय कारण हीच फाइल लोक दुसरीकडे पुन्हा अपलोड करतात आणि पानावर एमआयटीचा टॅग लावतात, पण ज्याच्याकडे हक्कच नाही त्याच्या टॅगने तुम्हाला हक्क कुठून मिळणार? sha256sum ने हॅश काढून मूळ फाइलशी जुळवून बघा. मात्र fp16 करून टाकलेल्या कॉपीचा हॅश जुळत नाही, तेव्हा मॉडेलची रचना दाखवणाऱ्या नेट्रॉनमध्ये उघडून दोन्हींची रचना शेजारी शेजारी ठेवा. १२८ बाय १२८ चं चित्र आणि ५१२ चा व्हेक्टर आत जाताना दिसला तर संशय घ्यायला जागा आहे.

डेटासेटचा भाग जास्त किचकट आहे. एफएफएचक्यू या चेहऱ्यांच्या डेटासेटमध्ये ७०,००० चेहरे आहेत आणि त्यावर सीसी बीवाय-एनसी-एसए ४.० हे बिगर-व्यावसायिक लायसन्स आहे. जीएफपीगॅन या रिस्टोररचा कोड अपाची असला तरी ट्रेनिंग याच डेटावर झालंय. आता डेटाची बंदी मॉडेलला आणि तिथून व्हिडिओला चिकटते का, यावर कायद्याचं एकमत नाही, म्हणून मी हे वेट्सवरच्या स्पष्ट अटीच्या पंक्तीत बसवत नाही. वेट्सवर "बिगर-व्यावसायिक" लिहिलं असेल तर मी वापरतच नाही. फक्त डेटावर असेल तर क्लायंटला लेखी कळवतो आणि निर्णय त्याच्या वकिलावर सोडतो.

स्वतः ट्रेन करतो म्हणणाऱ्यांनीही जरा बघा, डीपफेसलॅब या फेस स्वॅपच्या सॉफ्टवेअरच्या तयार पॅकेजमध्ये प्रीट्रेनसाठी जे चेहरे येतात ते एफएफएचक्यूचेच, त्यामुळे सगळं फुटेज तुमचं असलं तरी सुरुवात तिथूनच झालेली असू शकते.

आणि inswapper च हवा असेल तर इनसाइटफेसवाल्यांकडे व्यावसायिक लायसन्ससाठी विचारणा करता येते. फक्त मेलमध्ये नुसतं स्वॅपरचं नाव लिहू नका, buffalo_l पण लायसन्समध्ये धरलंय का हे त्याच मेलमध्ये विचारा, नाहीतर माझ्यासारखंच होईल, स्वॅपरचा प्रश्न सुटेल आणि ओळखीचं मॉडेल तसंच राहील.