सहा आठवडे का लागले? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

रिव्ह्यू (२ स्टार): "एक पासपोर्ट फोटो सापडतो आणि कारकून सहा आठवडे त्याचा मालक शोधत बसतो?? फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतोच, एक फोन केला की दोन दिवसात काम झालं असतं. आणि शेवटी त्या माणसाने दुसरा फोटो लावलेलाच असतो, मग शोधलं कशाला. उगाच ताणलेली गोष्ट. पार्सलही उशिरा आलं."

नमस्कार. पार्सल उशिरा पोचलं त्याबद्दल मनापासून सॉरी, ती चूक आमचीच. पॅकिंग मी एकटी करते आणि त्या आठवड्यात तब्येत बरी नव्हती, पण ते तुम्हाला कळायचं काही कारण नाही. कथा आवडली नाही हेही मान्य, प्रत्येकाची आवड वेगळी. पण "दोन दिवसात झालं असतं" हे वाक्य मला फार लागलं, कारण त्याच एका गोष्टीवर लेखक आणि मी चार महिने घासाघीस केलीय. लेखकाने स्वतः बरीच वर्षं आवक टेबलावर काढली आहेत, आणि तुमचं वाक्य वाचून उद्या कोणी म्हणेल की यांना ऑफिसचं काम माहीतच नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी शिक्क्याचं. हल्ली पासपोर्ट फोटो एकेकटा छापत नाहीत. चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात, ते छापून कटरने कापतात आणि छोट्या पाकिटात घालून देतात. स्टुडिओचं नाव असतं त्या पाकिटावर. फोटोच्या मागे असलंच तर कागद बनवणाऱ्या कंपनीचं फिकट नाव, तिरकं छापलेलं, आणि कापताना त्याचेही तुकडे होतात. कथेतल्या फोटोच्या मागे अशी अडीच अक्षरं आहेत. त्यावरून फोन कुणाला करायचा तुम्हीच सांगा. पान ६ वर तो फोटो उलटा करतो तो सगळा प्रसंग याच्यासाठीच आहे.

आता फोटो निघाला कसा. फोटोच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे पाण्यातला साधा डिंक त्याच्यात मुरत नाही, नुसता वर बसतो. वाळला की काचेसारखा कडक होतो आणि गठ्ठा वाकला की फोटो टचकन सुटतो. मी खरं-खोटं करायला घरी दहा जुने फोटो कोऱ्या फॉर्मवर डिंकाने चिकटवले, आठवडाभर वजनाखाली ठेवले आणि मग गठ्ठा वाकवला. तीन सुटले. दोघांच्या जागी फॉर्मवर नुसता चकचकीत डाग राहिला आणि तिसऱ्याने जाताना फॉर्मच्या कागदाचा पापुद्रा सोबत ओढून नेला, चौकटीच्या रेघेसकट. तो पापुद्रा फोटोच्या मागे चिकटतो तेव्हा छापलेली बाजू आत जाते, त्यामुळे पाठीमागून बघितलं तर रेघ आणि अक्षरं उलटी, आरशात दिसावी तशी दिसतात. कारकुनाच्या हातात धागा म्हणावा असा एवढाच आहे, चौकटीचा डावा वरचा कोपरा आणि एक उलटं अक्षर. फोटोवर गोल शिक्क्याचा अर्धा भागही नाही, म्हणजे अर्ज तपासणीला जायच्या आधीच फोटो पडलाय, एवढं त्याला कळतं. पण अर्ज कुठला ते कळत नाही.

म्हणून तो न तपासलेले अर्ज बघायला घेतो. कथेत ते १,२०० आहेत. साहेबांनी सांगितलंय की दिवसाचं काम अडता कामा नये, म्हणजे ऑफिस सुटल्यावरचा पाऊण तास. गठ्ठ्याची दोरी सोडायची, चौकट रिकामी आहे का बघायची, रिकामी असेल तर फॉर्म उजेडात तिरका धरून डिंकाचा डाग आहे का बघायचं (डाग नसेल तर फोटो कधी लावलाच नव्हता), परत त्याच क्रमाने बांधायचं. एका संध्याकाळी ४० होतात. १,२०० भागिले ४०, तीस संध्याकाळी. आठवड्याचे पाच दिवस धरले तर सहा आठवडे. हा हिशोब पान ११ वर जसाच्या तसा छापलाय. पुस्तिका फक्त ३२ पानांची आहे हो, आणि पार्सल मिळाल्याच्या तासाभरात तुमचा रिव्ह्यू आला. तुम्ही घाईत वाचली असं मी म्हणत नाही, पण पान ११ राहून गेलं असावं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. तुम्ही कथेचा शेवट सगळ्यांसमोर सांगून टाकलात. आता तो सांगितलाच आहे तर पूर्ण सांगणं मला भाग आहे, कारण अर्धा शेवट वाचून लोकांना वाटतंय की शोध फुकट गेला. रिकाम्या चौकटींमध्ये जुळणारा अर्ज त्याला सापडतच नाही, कारण तो "फोटो नाही" अशी त्रुटी लावून आधीच परत गेलेला असतो. अर्जदार बिचारा त्याच आठातला दुसरा फोटो लावून परत दाखल करतो. तिसाव्या संध्याकाळी कारकुनाला तोच चेहरा, तीच उजवीकडे वर आलेली कॉलर परत आलेल्या त्या फॉर्मवर दिसते. पण आवक नोंदवहीत त्या अर्जाला आता नवी तारीख पडलीय, आणि रांग तारखेनुसार असते, म्हणजे माणूस स्वतःची काही चूक नसताना मागे गेलाय. नवा फोटो किंचित वाकडा चिकटवल्यामुळे डाव्या कोपऱ्यात फाटलेला पापुद्रा थोडा उघडा राहिलाय. कारकून खिशातला फोटो उलटा करून त्याच्याशेजारी धरतो आणि साहेबांना दाखवतो, की फोटो पहिल्या दिवशी लावलेला होता, पडला तो आपल्याकडे. जुनी तारीख परत मिळवून देण्यासाठी त्याला तो फोटो हवा असतो. शोधलं कशाला याचं उत्तर हेच आहे, आणि ते वाचणाऱ्याला शेवटच्या पानावर मिळावं म्हणून आम्ही मागच्या कव्हरवरसुद्धा एक शब्द लिहिला नव्हता.

आमचं प्रकाशन म्हणजे मी आणि एक प्रिंटर. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतोय आणि तेव्हापासून या पुस्तिकेच्या दोनच ऑर्डर आल्यात, म्हणून जरा जास्त लिहिलं गेलं, राग मानू नका. पैसे परत हवे असतील तर कळवा, पुस्तिका तुमच्याकडेच राहू दे. पुढच्या छपाईत पान ११ चा हिशोब आधी आणता येतो का ते लेखकाशी बोलून बघते, पार्सलचंही काहीतरी करतेय. फक्त रिव्ह्यूतली ती शेवटाबद्दलची ओळ काढता आली तर काढा, स्टार दोनच राहिले तरी चालतील.