‘क्रीम दिलं नाही, होती तीही बंद केली’ या अभिप्रायाला दवाखान्याचं उत्तर

अभिप्राय (दोन स्टार): “तोंडाभोवती आणि हनुवटीवर बारीक लाल पुटकुळ्या आल्या म्हणून गेले होते. त्वचा इतकी कोरडी की हसलं तरी ताणते. चांगलं जाडसर क्रीम द्यायचं सोडून डॉक्टरांनी नाइट क्रीम, फाउंडेशन सगळंच बंद करायला सांगितलं. घरात खाजेची एक ट्यूब आहे, ती लावली की दोन दिवसांत चेहरा साफ व्हायचा. तीही बंद. पाचव्या दिवशी चेहरा आधीपेक्षा जास्त लाल! फोन केला तर ‘हे होणारच होतं, ट्यूब लावू नका’ एवढंच उत्तर. ‘काही लावू नका’ हे ऐकायला फी भरायची का?”

नमस्कार,

तपासणीत काय दिसलं ते मी इथे लिहिणार नाही, ते तुमच्या केसपेपरवरच राहील. तुम्ही स्वतः जे जाहीर लिहिलं आहे तेवढंच धरून, आणि तोंडाभोवती पुटकुळ्या आणणाऱ्या पेरिओरल डर्मटायटिस या आजाराबद्दल सर्वसाधारणपणे बोलते. फोनवर ते उत्तर द्यायला मीच सांगून ठेवलेलं आहे आणि ते मी बदलणार नाही. पण त्यामागचं कारण फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. तुमच्यासारखाच प्रश्न पडलेले बरेच जण हे वाचतील.

हा आजार ओळखायची एक खूण फार उपयोगी आहे. पुटकुळ्या एक-दोन मिलिमीटरच्या, घोळक्याने आलेल्या असतात. हनुवटीवर, वरच्या ओठाच्या वर, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्यांत त्या दिसतात, पण ओठाच्या कडेला अगदी लागून असलेली एक बारीक पट्टी बहुतेक वेळा स्वच्छ राहते. आरशात ही पट्टी दिसली की मला साध्या मुरुमांचा संशय कमी वाटतो. मुरुमांत ब्लॅकहेड-व्हाइटहेड असतात, इथे नसतात. खाजेपेक्षा चुरचुर, आग आणि त्वचा ओढल्यासारखी वाटणं जास्त असतं. सावळ्या चेहऱ्यावर लाली फारशी कळत नाही, पुटकुळ्या त्वचेच्याच रंगाच्या किंवा तपकिरी दिसतात, त्यामुळे निदान आणखी लांबतं.

आणि या सगळ्यावर पातळ, कागदासारखे पापुद्रे असतात. घोटाळा इथेच होतो. पापुद्रे दिसतात, त्वचा ताणते, म्हणून माणसाला वाटतं की हा कोरडेपणा आहे आणि याला भरपूर क्रीम हवं. पण हा कोरडेपणा तेल कमी पडल्यामुळे आलेला नसतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर, जो आतलं पाणी आत आणि बाहेरचा त्रास बाहेर ठेवतो, तोच कमकुवत झालेला असतो आणि त्यातून पाणी सतत उडून जात असतं.

अशा त्वचेवर जाड क्रीम लावलं तर काय होतं? पेट्रोलियम जेली, पॅराफिन किंवा मेण असलेलं क्रीम वर झाकण घालतं. उडून जाणारं पाणी अडतं, वरचा थर त्या ओलाव्याने फुगतो, पापुद्रे चिकटून बसतात आणि चेहरा तासाभरात मऊ वाटायला लागतो. तो मऊपणा खरा असतो, हे मी नाकारत नाही. पण दिवसरात्र फुगलेला थर आणखी सैल होतो, स्वतःची दुरुस्ती नीट करत नाही, आणि केसांच्या मुळांशी असलेली सूज त्या झाकणाखाली तशीच धुमसत राहते. सकाळी चेहरा धुतला की त्वचा कालच्यापेक्षा जास्त ताणते. मग आपण आणखी एक थर लावतो. त्यावर मॉइश्चरायझर, त्यावर फाउंडेशन. प्रत्येक थर आधीच्या थराने निर्माण केलेल्या त्रासावर उतारा म्हणून लावलेला असतो.

हे माझं एकटीचं मत नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॉइश्चरायझर आणि नाइट क्रीमच्या जोडीला फाउंडेशनही वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये या आजाराचा धोका सुमारे १३ पट आढळला. म्हणजे दोष कुठल्या एका डबीवर टाकता येत नाही. थरांवर थर चढणं हीच मुख्य अडचण दिसते. आजाराचं मूळ कारण पूर्णपणे उलगडलेलं नाही, त्यामुळे जाड क्रीम हे ‘एकमेव कारण’ आहे असं मी कुणाला सांगत नाही. ते आजार पेटता ठेवतं, एवढं मात्र नक्की.

आता त्या ट्यूबबद्दल. खाजेसाठी घरात पडून असलेल्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव आहे का ते पाहा. स्टेरॉइड सूज दाबतं आणि लाल झालेल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून दोन दिवसांत चेहरा साफ होतो. ते लावणं थांबवलं की त्याच वाहिन्या पुन्हा सैलावतात आणि दबलेली सूज दुप्पट जोराने वर येते. मग पुन्हा ट्यूब. दर फेरीत आराम थोडा कमी दिवस टिकतो आणि वरचा थर आणखी पातळ होतो. या आजाराच्या बाबतीत सर्वांत पक्का धागा सापडला आहे तो चेहऱ्यावरच्या स्टेरॉइडशीच. दम्याचा पंप किंवा नाकातला स्टेरॉइडचा फवारा तोंडाभोवती लागूनही तो होऊ शकतो. (पंप मात्र स्वतःहून बंद करू नका. वापरल्यावर चूळ भरा आणि तोंडाभोवती चेहरा धुवा.)

म्हणून पाचव्या दिवसाची लाली. सगळं बंद केल्यावर साधारण पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, आणि ज्यांनी स्टेरॉइड वापरलं आहे त्यांचा जास्तच. हे उपचार चुकल्याचं लक्षण नाही. नेमक्या याच दिवसांत बहुतेक जण पुन्हा ट्यूबकडे वळतात, आणि मग सगळी गणती पहिल्यापासून सुरू होते. आमच्या फोनवर ‘ट्यूब लावू नका’ हे इतकं तुटक सांगितलं जातं ते यासाठी.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचा रस्ता कळेल. समजा एक तिशीतली बाई आहे. रात्री जाड नाइट क्रीम, सकाळी मॉइश्चरायझर आणि फाउंडेशन, आणि दोन महिने अधूनमधून सौम्य स्टेरॉइडची ट्यूब. पहिल्या दिवशी सगळं बंद. चेहरा फक्त कोमट पाण्याने धुवायचा, टॉवेलने घासायचा नाही, टिपायचा. चौथ्या ते दहाव्या दिवसात लाली वाढते, पुटकुळ्याही वाढतात, ताण असह्य वाटतो. त्यावर थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ मऊ कपडा दहा मिनिटं ठेवला तर बरं वाटतं. दुसरा आठवडा संपताना नव्या पुटकुळ्या येणं थांबतं. सुधारणेची पहिली खूण हीच. लाली कमी झाली का हे बघत बसू नका, ती सर्वांत शेवटी जाते. त्यानंतर जुन्या पुटकुळ्या बसायला लागतात, आणि चेहरा पूर्ण निवळायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. व्रण सहसा राहत नाहीत.

स्टेरॉइड तीव्र असेल आणि बरेच महिने लावलेलं असेल तर एकदम तोडत नाही. आधी काही दिवस एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारख्या सौम्य प्रकारावर आणतो, मग तेही थांबवतो. म्हणून ट्यूबचं नाव मला हवंच असतं. ‘पांढऱ्या रंगाची होती’ यावरून काही कळत नाही.

औषध अजिबात नसतं असंही नाही. पहिली पायरी बंद करण्याची असते, कारण थर चालू असेपर्यंत औषधाचा गुणही टिकत नाही. सौम्य आजार कित्येकदा एवढ्यानेच ओसरतो. नाही ओसरला, तर मेट्रोनिडाझोलचं किंवा एरिथ्रोमायसिनचं जेल येतं, काहींना पिमेक्रोलिमस. पसरलेल्या किंवा हट्टी आजारात काही आठवडे डॉक्सिसायक्लिनची गोळी देतो. गरोदरपणात आणि लहान मुलांना ती टाळून दुसरं काही देतात. हे सगळं पहिल्याच भेटीत लिहून देता येतं, आणि तसं केलं असतं तर कदाचित तुम्ही जास्त खूश झाला असतात. पण वरचे थर चालू ठेवून गोळी दिली तर गोळी असेपर्यंत आराम पडतो आणि ती संपली की पुटकुळ्या परत येतात.

टूथपेस्टबद्दल बरेच जण विचारतात. फ्लोराइडचा संशय जुना आहे, पण पुरावा कच्चा आहे. मी दातांच्या जिवावर हा प्रयोग करायला सांगत नाही. दालचिनीच्या स्वादाची किंवा फार तिखट-थंडगार पेस्ट असेल तर बदला, आणि दात घासून झाल्यावर तोंडाभोवतीचा फेस धुवा. लिप बाम लागलाच तर फक्त ओठांवर, कडेबाहेर फासू नका.

क्रीम आयुष्यभर बंद नाही. पुटकुळ्या बसल्यावर एकच, बिनवासाचं, पातळ लोशन किंवा जेल, तेही आधी जबड्याच्या कडेला आठवडाभर लावून पाहायचं. उन्हासाठी जेलसारखं हलकं सनस्क्रीन चालतं. एका वेळी एकच गोष्ट सुरू करायची, म्हणजे पुन्हा पुटकुळ्या आल्या तर कशाने आल्या ते कळेल. तो जुना तिहेरी थर मात्र पुन्हा नको.

चेहरा सुजला, पापण्यांभोवती पुरळ आलं, एकाच बाजूला दुखणारे पाण्याचे फोड उठले, किंवा पिवळी खपली धरायला लागली, तर तारखेची वाट न पाहता या, कारण ते वेगळंच काही असू शकतं. तसं काही नसेल तर ठरलेल्या तारखेला या. येताना सध्या घरात असलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून आणा, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, आणि रोज सकाळी खिडकीजवळ एकाच जागी काढलेला हनुवटीचा फोटो फोनमध्ये ठेवा. नव्या पुटकुळ्या कोणत्या दिवशी थांबल्या ते त्यावरून तुम्हालाही दिसेल आणि पुढची गोळी लिहायची की नाही हे मलाही ठरवता येईल.