पैसे फेडले म्हणजे नोट संपली? निपाणी-चिकोडीत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

«प्रॉमिसरी नोट आणि बिल ऑफ एक्स्चेंज एकच. नोटेवर सावकाराचं नाव असेल तर दुसऱ्या कुणाला ती वापरता येत नाही. पैसे फेडले की नोट आपोआप रद्द, कागद परत मिळाला नाही तरी काळजी नको. सही खोटी असेल तर कुणीच काही करू शकत नाही. आणि महाराष्ट्रातली नोट कर्नाटकात चालत नाही. सर्वांना पाठवा.»

हे माझ्या मावसभावानं मला पाठवलं, आणि वर लिहिलं, 'दादा, मग आपला कागद तिकडेच राहू दे ना?' त्याचा कागद अजून सावकाराच्या कपाटात आहे, म्हणून तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. बाकीचं नंतर.

निपाणीचा एक तंबाखू व्यापारी धरा. १० जानेवारीला त्यानं तीन लाख घेतले आणि सहा महिन्यांनी परत देण्याचं लेखी वचन, म्हणजे प्रॉमिसरी नोट, लिहून दिली. मे महिन्यात हंगामाचा पैसा आला, त्यानं सगळे फेडले. सावकार म्हणाला, 'नोट शोधून देतो.' जूनमध्ये त्याच सावकारानं नोटेच्या पाठीमागे सही करून ती चिकोडीच्या एका दुकानदाराला दोन लाख ऐंशी हजारांना दिली. दुकानदाराला मेमधल्या फेडीचा पत्ताच नाही. आता तो तीन लाख मागतो, आणि कायदा त्याच्या बाजूनं आहे.

कारण १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ९ प्रमाणे तो 'होल्डर इन ड्यू कोर्स' ठरतो: मोबदला देऊन, मुदत भरण्याआधी, आणि देणाऱ्याच्या हक्कात खोट आहे असं वाटायला पुरेसं कारण नसताना कागद घेतलेला माणूस. मुदतीआधी सावकाराला परस्पर दिलेले पैसे, सावकाराची लबाडी, 'मला फसवलं' हे सगळं त्याच्यापुढे चालत नाही. व्यापाऱ्यानं दुसऱ्यांदा पैसे द्यायचे आणि सावकारावर वेगळा दावा लावायचा, सावकार सापडला तर.

आता तारखा बदलून बघा. नोट १० जुलैला देय होते, कलम २२ प्रमाणे तीन दिवसांची सवलत धरून १३ जुलै. हीच नोट दुकानदारानं ऑगस्टमध्ये घेतली असती, तर मुदत उलटलेला कागद घेतला म्हणून त्याला सावकाराइतकाच हक्क मिळाला असता, आणि 'मी फेडलंय' हे उत्तर चाललं असतं. व्यवहार तोच, निकाल उलटा. दुकानदाराला फेडीची माहिती होती असं दाखवता आलं तरीही तो पडतो, पण ते दाखवायला पुरावा कुठून आणणार?

म्हणून बाबा, पैसे देण्याआधी नोट हातात घे. कलम ८१ तुला ती दाखवून घेण्याचा आणि पैसे देताच परत घेण्याचा हक्क देतं. 'हरवली' म्हणाला तर पुढच्या दाव्याची भरपाई करीन असं त्याच्याकडून लिहून घे. हप्त्यानं देत असशील तर प्रत्येक हप्ता नोटेच्या पाठीवर लिहून घे, म्हणजे पुढच्याला दिसेल. सुट्या पावतीवर विसंबू नकोस, पुढचा माणूस ती पाहत नाही.

नावाचं काय? कलम १३ प्रमाणे नुसत्या नावाची नोटही पुढे देता येते, जोवर तिच्यात हस्तांतरणाला मनाई केलेली नाही. मनाई हवी असेल तर लिहून देतानाच घालायला हवी.

'दोन्ही एकच' हे कुणी शिकवलं देव जाणे. नोटेत दोन माणसं, आणि कर्ज घेणारा स्वतः 'मी देईन' म्हणतो. बिलात साधारणपणे तीन: निपाणीचा विक्रेता सांगलीच्या गिऱ्हाइकाला लेखी हुकूम देतो की अमुक तारखेला चिकोडीच्या माणसाला इतके दे. गिऱ्हाइकानं त्यावर स्वीकाराची सही करेपर्यंत त्या बिलावर तो देणेकरी नाही. नोटेवर मात्र सही करून कागद दिला की बांधलास.

खोट्या सहीचं म्हणणं, नाइलाजानं सांगतो, बरोबर आहे. तुझी सही दुसऱ्यानं केली असेल तर ड्यू कोर्सवाल्यालाही तुझ्याकडून काही मिळत नाही. तीन लाखांच्या पुढे शून्य जोडून तीस लाख केले, तर तुझ्या संमतीशिवाय झालेल्या या बदलानंही कागद तुझ्यापुरता रद्द होतो. पण सही खरी आणि रकमेची जागा कोरी सोडली असशील, तर गोष्ट वेगळी. स्टॅम्प लावलेल्या कोऱ्या नोटेत सावकारानं जास्त भरलं, तर त्याला स्वतःला ठरल्यापेक्षा जादा मिळत नाही. भरलेली नोट अजाणतेपणी घेणाऱ्याला मात्र, त्या स्टॅम्पच्या मर्यादेत, पूर्ण रक्कम मिळू शकते.

राहिली सीमा. कायदा केंद्राचा आहे. नोटेवरच्या स्टॅम्प ड्युटीचे दरही राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहेत, बेळगावात वेगळे आणि कोल्हापुरात वेगळे नाहीत. कागल ओलांडून नोट मरत नाही.